चित्रफीत कोणी पाहावी?

घाऊक पेढ्यांवर मालाचे नमुने दाखविण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत पार बदलली आहे. पूर्वी फिरता विक्रेता नमुन्यांची पेटी घेऊन गावोगाव जात असे. आता पेढीवरचा तरुण मुलगा मोबाइलवर व्हिडिओ घेतो, तो यूट्यूबवर चढवितो आणि त्याची लिंक व्हॉट्सॲपवर धाडून देतो. काम मिनिटांत होते. मात्र पेटी कोणासमोर उघडायची हे विक्रेत्याच्या हाती असे, तो निर्णय आता अपलोडच्या शेवटच्या पडद्यावरील एका छोट्याशा ओळीवर येऊन ठेपला आहे. त्या ओळीचे नाव Visibility. तिच्यात Private, Unlisted आणि Public असे तीन पर्याय असतात आणि त्यांच्याखाली Schedule हा चौथा. घाईत पुष्कळजण ही ओळ न वाचताच पुढे जातात.

या चौघांतील फरक समजण्यासाठी सोलापुरातील टॉवेल आणि चादरींच्या एका घाऊक पेढीचे कल्पित उदाहरण घेता येईल. दोघे भाऊ पेढी पाहतात. थोरल्याचा मुलगा यूट्यूब चॅनेल सांभाळतो. धाकट्याचा मुलगा न्यू जर्सीत शिकतो व तिथून संपादनाच्या कामात मदत करतो. पेढीचा माल घेणारे ६४ किरकोळ दुकानदार आहेत. दिवाळीपूर्वी या घराण्याकडे पाच व्हिडिओ तयार आहेत: नव्या चादरींचे नमुने, दुकानदारांसाठी घाऊक भाव सांगणारी फीत, गोदामातील शिल्लक मालाची फीत, घरातल्या लग्नाची फीत आणि पाडव्याला सकाळी दाखवायचा नवा संच. पाचही एकाच चॅनेलवर जाणार आहेत. प्रत्येकीचा प्रेक्षक मात्र वेगळा आहे.

पब्लिक: रस्त्यावरची काच

पब्लिक फीत जगातील कोणालाही पाहता येते. ती यूट्यूबच्या शोधात सापडते, चॅनेलच्या पानावर यादीत दिसते, इतर फितींच्या शेजारी सुचविली जाते आणि चॅनेलच्या सदस्यांना तिची सूचना जाऊ शकते. नव्या चादरींच्या नमुन्यांना हेच हवे असते. इंदूरचा किंवा हुबळीचा एखादा अनोळखी दुकानदार सोलापुरी चादर शोधत असेल तर पेढी त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा हा एकमेव पर्याय आहे, कारण उरलेल्या तिन्हींत शोधातून सापडण्याची सोय नाही.

तेव्हा प्रश्न एवढाच विचारायचा: ही फीत प्रतिस्पर्धी पेढीच्या मालकाने, प्राप्तिकर अधिकाऱ्याने आणि गल्लीतल्या चोराने पाहिली तर काही बिघडते का? बिघडत नसेल तर पब्लिक योग्य. बिघडत असेल तर ते नंतर सुधारता येईल या भरवशावर राहू नये. पब्लिक केलेली फीत पुन्हा प्रायव्हेट करता येते, हे खरे. त्या क्षणापासून नवा प्रेक्षक तिच्यापर्यंत पोहोचत नाही. परंतु सदस्यांना गेलेली सूचना परत बोलावता येत नाही, पाहिलेला भाव कोणाच्या डोक्यातून पुसता येत नाही आणि कोणी पडद्याचे चित्रण करून ठेवले असेल तर ती प्रत त्याच्याकडेच राहते.

म्हणून अनुभवी माणसे क्रम उलटा ठेवतात. प्रत्येक फीत आधी प्रायव्हेट चढवायची, पूर्ण पाहायची, मगच तिला अनलिस्टेड किंवा पब्लिक करायचे. संगणकावरून काम करणाऱ्यांसाठी यूट्यूब स्टुडिओत Settings मध्ये Upload defaults नावाचा भाग आहे. तिथे Visibility ला Private निवडून ठेवले की संगणकाच्या ब्राउझरमधून चढविलेली प्रत्येक नवी फीत आपोआप बंद दाराआड येते. ही सोय मोबाइलवरून चढविलेल्या फितीला लागू होते असे गृहीत धरू नये. मोबाइलवर ती ओळ दर वेळी डोळ्यांनी पाहिलीच पाहिजे.

अनलिस्टेड: कुलूप नसलेले दार

सर्वांत जास्त गैरसमज या पर्यायाविषयी आहे. अनलिस्टेड म्हणजे यादीत नसलेली. ती शोधात येत नाही, चॅनेलच्या पानावर दिसत नाही, सुचविलीही जात नाही. परंतु ज्याच्या हाती लिंक आहे त्या प्रत्येकाला ती पाहता येते. त्यासाठी गूगल खाते लागत नाही, पासवर्ड लागत नाही, मालकाची परवानगीही लागत नाही. शिवाय ज्याला लिंक मिळाली तो ती पुढे कोणालाही देऊ शकतो, आणि ती दिली गेली हे मालकाला कोणी कळवीत नाही. अशी फीत म्हणजे पाटी नसलेले, कुलूप नसलेले घर होय. पत्ता ठाऊक नसलेला माणूस तिथे पोहोचत नाही. पत्ता कळला की आत येण्यास काही अडत नाही.

लग्नाच्या फितीला हा पर्याय उत्तम बसतो. ३०० नातेवाईक आहेत, त्यांत ऐंशीच्या घरातल्या आत्याबाई आहेत, पुण्यातली भाची आहे, मस्कतमधले काका आहेत. प्रत्येकाला खाते उघडून त्यात प्रवेश करावयास सांगणे व्यवहार्य नाही. आत्याबाईंना व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर बोट टेकवले की फीत दिसली पाहिजे. ती फीत एखाद्या परक्याने पाहिली तरी फार मोठे नुकसान नाही. नुकसान सोसता येण्याजोगे आणि प्रेक्षक पुष्कळ, हीच अनलिस्टेडची योग्य जागा. तरीही दागिन्यांची मांडणी जवळून दाखविणारा भाग, घराचा दर्शनी पत्ता किंवा पत्रिकेवरील फोन नंबर अशा फितीतून कापून टाकणे शहाणपणाचे ठरते.

येथे तीन बारकावे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला प्लेलिस्टचा. प्लेलिस्टला स्वतःची वेगळी Visibility असते. अनलिस्टेड फीत कोणी एखाद्या पब्लिक प्लेलिस्टमध्ये घातली तर ती प्लेलिस्ट पाहणाऱ्यांना ती फीतही दिसू लागते. हे काम मालकाचा स्वतःचा मुलगा ‘आमचे सर्व व्हिडिओ’ अशी यादी करताना नकळत करून बसतो. म्हणून चॅनेलवरच्या प्रत्येक पब्लिक प्लेलिस्टमध्ये काय काय आहे ते एकदा डोळ्याखालून घालावे.

दुसरा बारकावा शीर्षकाचा. व्हॉट्सॲपवर लिंक पाठविली की फीत न उघडताच तिचे शीर्षक आणि छोटे चित्र संदेशात दिसते. ‘दिवाळी घाऊक भाव’ असे शीर्षक असेल आणि चित्रावर ठळक आकडे छापलेले असतील तर ती लिंक ज्या ज्या गटात फिरेल त्या प्रत्येक गटाला भाव वाचता येईल. शीर्षक व चित्र दोन्ही साधी ठेवावीत.

तिसरा बारकावा लिंकच्या स्वरूपाचा. यूट्यूब प्रत्येक फितीला अकरा अक्षरांचा एक क्रमांक देते आणि लिंकमध्ये तोच असतो. अनलिस्टेड फितीची सारी सुरक्षितता तो क्रमांक कोणाला ठाऊक नाही एवढ्यावरच उभी असते. २०१७ साली यूट्यूबने अशा नव्या लिंका ओळखून काढणे अधिक कठीण होईल असा बदल केला. पुढे २३ जुलै २०२१ रोजी, १ जानेवारी २०१७ पूर्वी चढविलेल्या अनलिस्टेड फिती यूट्यूबने आपण होऊन प्रायव्हेट केल्या. मालकाने आधी तसे न करण्याची निवड केली असेल तरच ती फीत जशीच्या तशी राहिली. त्यामुळे अनेकांच्या जुन्या फितींच्या लिंका एके दिवशी अचानक बंद पडल्या. कोणाच्या जुन्या समारंभाची अनलिस्टेड लिंक आता उघडत नसेल तर तिच्या चढविण्याची तारीख आधी पाहावी. फीत बहुधा चॅनेलवर सुरक्षित असते आणि स्टुडिओत जाऊन तिला पुन्हा अनलिस्टेड करता येते.

भावाच्या फितीचे काय करावे?

आता पेढीचा खरा अवघड प्रश्न. ६४ दुकानदारांना घाऊक भाव सांगायचे आहेत. किरकोळ ग्राहकाने ते पाहिले तर दुकानदाराची अडचण होते: ग्राहक त्याच्या दुकानात येऊन तोच आकडा बोलून दाखवितो. प्रतिस्पर्ध्याने पाहिले तर पेढीची अडचण होते. येथे पब्लिकचा विचारच नको. प्रश्न अनलिस्टेड की प्रायव्हेट एवढाच उरतो.

प्रायव्हेट फीत फक्त मालकाला आणि त्याने नाव घालून निवडलेल्या माणसांना दिसते. स्टुडिओत फितीची Visibility ओळ उघडून Private निवडले की Share privately असा पर्याय येतो. तिथे प्रत्येकाचा ईमेल पत्ता लिहायचा. खाली ईमेलने कळविण्याची खूण असते. ती ठेवली तर त्या व्यक्तीला निमंत्रण जाते. नाव काढले की तिचा प्रवेश बंद होतो. निमंत्रिताने लिंक दुसऱ्याला दिली तरी तो दुसरा फीत पाहू शकत नाही. भावाच्या फितीला हे अगदी योग्य वाटते, आणि इथेच दोन भिंती आडव्या येतात.

पहिली भिंत संख्येची. एका प्रायव्हेट फितीवर जास्तीत जास्त ५० जणांना बोलावता येते. पेढीचे दुकानदार ६४ आहेत. तीच फीत दोनदा चढवून ३२-३२ जणांत वाटणे शक्य आहे, पण मग भावात एक बदल झाला की दोन्हीकडे नवी फीत चढवावी लागते.

दुसरी भिंत खात्याची. निमंत्रण गूगल खात्याच्या ईमेलवरच जाते आणि फीत पाहताना मोबाइलवर तेच खाते चालू असावे लागते. बार्शीच्या दुकानदाराने दुकानाचा ईमेल दिला, पण त्याच्या मोबाइलवर यूट्यूब मुलाच्या खात्यातून चालू आहे, तर त्याला पडद्यावर फक्त ही फीत खासगी असल्याचा संदेश दिसतो. तो पेढीवर फोन करतो, पेढी यादी तपासते, यादीत नाव आहेच. दोघेही गोंधळतात. उपाय सोपा आहे: यूट्यूब उघडून स्वतःच्या गोल चित्रावर बोट टेकवावे आणि तिथे दिसणारा ईमेल निमंत्रणाच्या ईमेलशी जुळतो का ते पाहावे. दहांपैकी बहुतेक तक्रारी एवढ्यानेच मिटतात. परंतु ६४ जणांना हे फोनवर समजावण्यात आठवडा जातो.

तिसरी गोष्ट प्रतिक्रियांची. प्रायव्हेट फितीखाली प्रतिक्रिया लिहिता येत नाहीत. दुकानदारांनी फितीखालीच शंका विचाराव्यात अशी अपेक्षा असेल तर ती पुरी होणार नाही.

मग करावे काय? येथे मार्ग फितीच्या सेटिंगमध्ये नाही, फितीच्या मजकुरात आहे. या पेढीने भावाची फीत दोन भागांत मोडली तर प्रश्न सुटतो. मालाची फीत अनलिस्टेड करावी: कापडाचा पोत, विणीची घडण, रंगांच्या जोड्या, प्रत्येक नमुन्याचा क्रमांक. भाव तीत मुळीच बोलू नये. भावाचे पत्रक नमुना-क्रमांकांसह प्रत्येक दुकानदाराला स्वतंत्र संदेशाने पाठवावे. लिंक फिरली तरी फिरते ती चादरीची चित्रे, आकडे नव्हेत. शिवाय भाव बदलला तर फक्त पत्रक बदलावे लागते, फीत तशीच राहते. ज्या गुपितासाठी कुलूप पुरत नाही ते गुपित त्या खोलीत ठेवूच नये, हा व्यापारातला जुनाच नियम आहे.

तरीही अनलिस्टेड लिंक फिरली का हे कळावे अशी इच्छा असेल तर एक मापक उपाय आहे. ६४ दुकानदारांचे विभागानुसार चार गट करावेत आणि तीच फीत चारदा चढवून प्रत्येक गटाला वेगळी लिंक द्यावी. स्टुडिओत प्रत्येक फितीची Analytics पाहता येते. सोळा जणांना दिलेली फीत चार दिवसांत तीस-चाळीस वेळा पाहिली गेली तर त्यात नवल नाही, कारण घरातली माणसे पुन्हा पुन्हा पाहतात. पण चारांपैकी तीन फिती चाळिशीच्या आसपास आणि चौथी एका रात्रीत सातशेवर गेली तर कोणत्या गटातून लिंक बाहेर पडली हे आपोआप उघड होते. नेमका कोण, हे त्यावरून कळत नाही. तेव्हा कोणावर आळ घेऊ नये. ती एक फीत प्रायव्हेट करून त्या गटाला नव्याने चढविलेल्या फितीची लिंक द्यावी. त्याच फितीला पुन्हा अनलिस्टेड करण्याची चूक करू नये, कारण पर्याय बदलला तरी लिंक बदलत नाही. दार बंद करून पुन्हा उघडले की जुना पत्ता बाळगणारे सगळे पुन्हा आत येतात.

प्रायव्हेट: मोजक्या माणसांची खोली

गोदामातील शिल्लक मालाच्या फितीसाठी मात्र प्रायव्हेटच योग्य आहे. ती पाहणारे चारच: दोघे भाऊ, गोदामाचे मुनीम आणि चार्टर्ड अकाउंटंट. या फितीत कोणत्या रांगेत कोणता माल किती, गोदामाचे दार कुठे, कुलूप कसले, सगळे दिसते. अशी फीत अनलिस्टेड ठेवणे म्हणजे गोदामाचा नकाशा वाटणे होय. चौघांच्या खात्यांचे ईमेल आधी फोनवर नीट विचारून घ्यावेत, एकदा घातल्यावर चौघांकडूनही फीत उघडल्याची खात्री करून घ्यावी. काम संपल्यावर, उदाहरणार्थ हिशेबतपासणी झाल्यावर, यादीतील नावे काढून टाकावीत. मुनीम बदलले तर त्यांचे नाव त्याच दिवशी काढावे. जसे पेढीची किल्ली परत घेतली जाते तसेच.

येथे एका भ्रमाचे निराकरण करणे आवश्यक आहे. प्रायव्हेट म्हणजे इतर प्रेक्षकांपासून झाकलेली, यूट्यूबपासून झाकलेली नव्हे. प्रायव्हेट फितीतील संगीतही स्वामित्वहक्कासाठी तपासले जाते आणि यूट्यूबचे नियम तिलाही लागू असतात. लग्नाच्या फितीत सिनेमाचे गाणे पूर्ण वाजले असेल तर ती प्रायव्हेट ठेवूनही त्यावर दावा येऊ शकतो आणि गाण्याच्या मालकाने तसे ठरविले असेल तर फीत अडविलीही जाऊ शकते. शिवाय यूट्यूबवर ठेवलेली फीत ही एकमेव प्रत समजू नये. खाते हातचे गेले तर फीतही जाते. मूळ फाइल घरच्या हार्ड डिस्कवर असावीच.

शेड्यूल: ठरलेल्या घटकेला उघडणारे दार

पाचवी फीत पाडव्याची. नवा संच पाडव्याला सकाळी ९ वाजता सर्वांसमोर यावा अशी थोरल्यांची इच्छा आहे. त्या वेळी दुकानात पूजा चालू असेल, मुलगा संगणकापाशी नसेल. Schedule नेमके याचसाठी आहे. तारीख व वेळ दिली की फीत त्या क्षणापर्यंत प्रायव्हेट राहते आणि त्यानंतर आपोआप पब्लिक होते.

यात सर्वांत वारंवार होणारी चूक वेळेच्या पट्ट्याची आहे. तारीख-वेळेच्या चौकटीपाशी कोणत्या प्रदेशाची वेळ धरली आहे हे लिहिलेले असते, आणि ते सहसा संगणकाच्या जागेप्रमाणे ठरते. ही फीत न्यू जर्सीतला पुतण्या चढविणार असेल आणि त्याने सरळ ९ लिहिले, तर ती सकाळची ९ वाजताची वेळ न्यू जर्सीची धरली जाईल. पाडवा नोव्हेंबरच्या मध्यावर असेल तेव्हा तिथली घड्याळे हिवाळी वेळेवर असतात आणि भारताच्या साडेदहा तास मागे चालतात. म्हणजे फीत सोलापुरात संध्याकाळी ७:३० वाजता उघडेल, पूजा होऊन दहा तास उलटल्यावर. त्याने सोलापूरची सकाळ साधायची असेल तर चौकटीतील प्रदेश भारतीय वेळेचा निवडावा. ते जमत नसेल तर स्वतःच्या घड्याळाने आदल्या रात्री १०:३० ही वेळ लिहावी आणि तारीखही एक दिवस मागची द्यावी. अधिक चांगले म्हणजे त्याने फीत प्रायव्हेट चढवून सोडावी आणि वेळ सोलापुरातल्या मुलाने सोलापुरातल्या संगणकावरून लावावी.

शेड्यूलचा एक फायदा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. फीत चढविताच तिची लिंक तयार होते आणि वेळ येईपर्यंत ती बदलत नाही. त्यामुळे दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर त्या लिंकचा क्यूआर कोड आधीच छापून घेता येतो. पत्र पाडव्याच्या चार दिवस आधी पोहोचले आणि एखाद्याने घाईने कोड स्कॅन केला तरी त्याला फीत दिसत नाही. पाडव्याच्या सकाळी तोच कोड चालू होतो. परंतु छपाईला देण्याआधी फीत शेवटपर्यंत तपासलीच पाहिजे. यूट्यूबवर चढविलेल्या फितीची फाइल बदलून दुसरी ठेवता येत नाही. नवी फाइल म्हणजे नवी फीत, नवी लिंक, आणि छापलेली सगळी पत्रे निरुपयोगी. सुरुवातीचा किंवा शेवटचा नको असलेला तुकडा स्टुडिओतील Editor मधून कापला तर मात्र लिंक तीच राहते. बोललेला शब्द चुकला असेल, नाव चुकीचे आले असेल, तर कात्री चालविण्याजोगी जागा आहे का ते आधी पाहावे.

आणखी दोन सावधगिऱ्या. Schedule च्या भागात Set as Premiere अशी एक खूण असते. ती लावली तर फितीचे पान आधीपासूनच सर्वांना दिसू लागते आणि उलटी मोजणी सुरू होते. संचाचे नाव व चित्र गुप्त ठेवायचे असेल तर ही खूण लावू नये. दुसरे असे की, यूट्यूबच्या नियमभंगाबद्दल चॅनेलला शिक्षा चालू असेल तर त्या काळात शेड्यूल केलेली फीत उघडत नाही, ती प्रायव्हेटच राहते. म्हणून आदल्या दिवशी स्टुडिओ उघडून चॅनेलवर काही इशारा नाही ना, आणि त्या फितीपुढे Scheduled असे लिहिलेले दिसते ना, हे पाहून ठेवावे. मोठी फीत चढल्यानंतर तिची उच्च दर्जाची प्रत तयार होण्यासही वेळ लागतो. तेव्हा ती निदान एक दिवस आधी चढविलेली बरी.

तपासण्याची एक पद्धत

पर्याय नीट लागला की नाही, हे स्वतःच्या खात्यातून पाहून कधीच कळत नाही, कारण मालकाला सर्व फिती दिसतातच. तपासण्यासाठी ब्राउझरची New Incognito window उघडावी. तीत कोणतेही खाते चालू नसते. तिथे लिंक चिकटवावी. फीत चालली तर ती पब्लिक किंवा अनलिस्टेड आहे. खासगी असल्याचा संदेश आला तर प्रायव्हेट आहे, किंवा शेड्यूलची वेळ अजून आलेली नाही. मग त्याच खिडकीत चॅनेलचे पान उघडावे. फीत यादीत दिसली तर पब्लिक, लिंकने चालली पण यादीत नसली तर अनलिस्टेड. दोन मिनिटांचे काम आहे, आणि गोदामाच्या फितीसारख्या बाबतीत ते लिंक कोणाला पाठविण्यापूर्वी करायचे असते.

या पेढीच्या पाच फितींचा निवाडा मग असा होतो. नमुने पब्लिक, कारण अनोळखी गिऱ्हाइकाने ते शोधून काढावेत. दुकानदारांची फीत भावाशिवाय अनलिस्टेड, आणि भाव पत्रकात. गोदाम प्रायव्हेट, चार नावांनिशी. लग्न अनलिस्टेड, दागिने व पत्ता वगळून. पाडव्याचा संच शेड्यूल, भारतीय वेळेप्रमाणे. पुढच्या हंगामात फिती बदलतील, दुकानदार वाढतील. मुलाने प्रत्येक फितीच्या वेळी तेच दोन प्रश्न विचारायचे: ही कोणी पाहायला हवी, आणि नको त्याने पाहिली तर काय होईल. पहिल्याचे उत्तर पर्याय सुचविते. दुसऱ्याचे उत्तर, फितीत काय दाखवायचे आणि काय पेढीवरच ठेवायचे, ते ठरविते.